पाहुण्यांचा परिचय करून देणार असलेल्या मॅडमना काय कळवू? (मसुदा आत दिला आहे)

वेणा
पुढच्या शुक्रवारी आमच्या कॉलेजात नाग नदीवर व्याख्यान ठेवलं आहे. पाहुण्या नीरीतून निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञ आहेत, वय पंच्याहत्तरच्या आसपास. परिचय करून द्यायला रसायनशास्त्राच्या एक मॅडम तयार झाल्या आहेत. त्या छान बोलतात, पण पाहुण्यांना कधी भेटलेल्या नाहीत. त्यांना आज रात्री मेसेज पाठवायचा आहे. मी लिहिलेला मसुदा असा:

"नमस्कार मॅडम, परिचयासाठी होकार दिल्याबद्दल आभार. सोबत पाहुण्यांचा बायोडेटा पाठवते आहे, चार पानांचा आहे. त्यातलं महत्त्वाचं तुम्ही घ्यालच. पाच मिनिटांत आटोपलं तर बरं होईल. त्यांनी पाण्यावर खूप मोठं काम केलं आहे, ते नीट यायला हवं. काही लागलं तर फोन करा."

वाचताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात पाहुण्यांचं पद चुकीचं सांगितलं गेलं आणि त्यांनी भाषणाची सुरुवात ते दुरुस्त करण्यातच केली. सभागृहाचा सूर तिथेच बिघडला. यावेळी तसं व्हायला नको. अशा मेसेजमध्ये नेमकं काय असावं?

तर्रीवाला
मसुदा चांगला आहे बावा. पाठवून द्या. शिकलेल्या बाई आहेत, त्या करतील बरोबर.

जुना_धरमपेठकर
वेणाताई, तुमचा हा मेसेज सगळं काम मॅडमवर टाकतो. चार पानांतून महत्त्वाचं काय ते त्यांनी ठरवायचं, आणि बरोबर काय तेही त्यांनीच शोधायचं. मी तीस-बत्तीस वर्षं सूत्रसंचालन करतो आहे. परिचय बिघडतो तो बोलणाऱ्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो कळवणाऱ्यामुळे बिघडतो.

आधी मला एक सांगा, त्या दिवशी मंचावर कोण कोण बोलणार आहे? आपल्याकडे स्वागत होतं, मग प्रास्ताविक, मग परिचय, मग सत्कार. प्रास्ताविक करणाऱ्याच्या हातात तोच बायोडेटा असतो. तो म्हणतो, "आजच्या पाहुण्यांची ओळख करून द्यायची गरज नाही," आणि पुढची चार मिनिटं ओळखच करून देतो. मग परिचयकर्ती उठते तेव्हा तिच्याजवळ काही उरलेलं नसतं. सूत्रसंचालकही मध्ये दोन पुरस्कार सांगून टाकतो. पाहुणा स्वतःचं नाव तिसऱ्यांदा ऐकत बसतो. म्हणून हा मेसेज एकट्या मॅडमना जाऊ देऊ नका. प्रास्ताविक करणारे आणि सूत्रसंचालक यांनाही जाऊ द्या, आणि कोण काय बोलणार नाही ते त्यात स्पष्ट लिहा.

वेणा
प्रास्ताविक प्राचार्य करणार आहेत. त्यांना "हे बोलू नका" असं कसं लिहू?

जुना_धरमपेठकर
तसं लिहूच नका. "सर, प्रास्ताविकात नदीचा विषय आणि आपल्या पर्यावरण मंडळाचं काम यावं. पाहुण्यांच्या कामाबद्दल मॅडम बोलणार आहेत," एवढं पुरतं. सरांना त्यांचा भाग मिळाला की ते दुसऱ्याच्या भागात जात नाहीत.

संत्रानगरी
माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्यात दोन्हीकडच्या पाहुण्यांची ओळख मला करून द्यायची आहे. त्यासाठी नमुना मेसेज आहे का कोणाकडे? नातेवाईक बरेच आहेत, वरच्या मसुद्यात थोडा बदल केला तर चालेल का?

मृण्मयी_
संत्रानगरी, इथे व्याख्यानाच्या पाहुण्यांचं चाललं आहे हो. साखरपुड्याला मोठ्यांची नावं आणि नाती बरोबर आली की झालं, आत्याला मावशी म्हणू नका.

वेणा, पाच मिनिटं फार होतात. मी मागे एक परिचय घड्याळ लावून वाचून पाहिला होता. दोन मिनिटांत माझे साधारण सव्वादोनशे शब्द झाले, माईकवर थांबत बोलल्यावर दोनशेच. हा आकडा मॅडमना द्या. "थोडक्यात" म्हटलं की प्रत्येकाचं थोडक्यात वेगळं असतं. "दोनशे शब्द" म्हटलं की कागदावर मोजता येतं.

निवृत्त_मुख्याध्यापक
परिचय सविस्तरच असावा. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, पुरस्कार, प्रकाशने असा क्रम असतो, तो मोडू नये. पाहुण्याचा मान त्यात आहे. आणि पुरस्कार असेल तर तो नावाआधी लावलाच पाहिजे. पद्मश्री अमुक अमुक, असं म्हटल्याशिवाय सन्मान पूर्ण होत नाही. पाहुण्यांना राज्याचा किंवा केंद्राचा काही पुरस्कार आहे का, ते आधी पाहा.

शून्य_मैल
सर, तुमचा अर्धा मुद्दा मला पटतो. पुरस्कार सांगायला हवा. पण पद्म पुरस्कार नावाआधी किंवा नावानंतर लावायचा नसतो. हे पुरस्कार म्हणजे पदव्या नव्हेत, म्हणून ते नावाला जोडू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने बालाजी राघवन खटल्यात 1995 मध्ये सांगितलं आहे. "त्यांना अमुक वर्षी पद्मश्री मिळाली" हे वाक्य म्हणायला काहीच हरकत नाही. मी वकिली करतो म्हणून हे माहीत आहे, पण पत्रिकांवर रोज उलटंच छापून येतं.

निवृत्त_मुख्याध्यापक
हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं लावत आलो. पण सविस्तर परिचयाबद्दल माझं मत तेच आहे. मुलांना कळायला हवं की समोर बसलेली व्यक्ती कोण आहे.

वेणा
यांना पद्म पुरस्कार नाही, पण शून्य_मैल यांचा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

बायोडेटा परत वाचला आणि काही गोष्टी खटकल्या. त्या 1972 मध्ये नोकरीला लागल्या आणि "1972 पासून नीरीत" असं लिहिलं आहे. पीएचडी 1984 ची, आणि विद्यापीठ "राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ" लिहिलं आहे. एका पेपरात त्यांच्या मागच्या व्याख्यानाची बातमी होती, त्यात "नीरीच्या माजी संचालक" आहे. बायोडेटात संचालक कुठेच नाही. आणि इंटरनेटवर त्यांच्या नावाने शोधलं तर 1980 आधीचं काहीच सापडत नाही. बायोडेटात मात्र सत्तरच्या दशकातले दोन शोधनिबंध आहेत.

वर्धा_रोड
माझे वडील तिथेच नोकरीला होते म्हणून सांगतो. ही संस्था 1958 ला सुरू झाली ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने. नीरी हे नाव 1974 ला आलं. त्यामुळे 1972 ला कोणी नीरीत लागलं नसणार, संस्था तीच पण नाव जुनं. घरी बाबा अजूनही जुन्या नावाच्या आठवणी सांगतात. त्या काळातली माणसं नाव चुकलं तर सौजन्याने काही बोलत नाहीत, पण त्यांच्या लक्षात येतं.

विद्यापीठाचंही तसंच आहे. राष्ट्रसंतांचं नाव 2005 ला लागलं. 1984 ची पीएचडी नागपूर विद्यापीठाची.

तर्रीवाला
एवढ्याशा फरकाने काय होऊन राहिलं? संस्था तीच, विद्यापीठ तेच. ऐकणाऱ्या पोरांना काहून फरक पडेल?

वर्धा_रोड
पोरांना नाही पडणार, पाहुण्यांना पडेल. शिवाय मॅडमना यातून एक चांगलं वाक्य मिळतं. "त्या रुजू झाल्या तेव्हा संस्थेच्या नावात सार्वजनिक आरोग्य होतं, दोन वर्षांनी पर्यावरण आलं." पाण्याकडे आधी रोगराईच्या बाजूने पाहिलं जायचं आणि नंतर नदीच्या बाजूने, हे मुलांना एका वाक्यात कळतं. चार पुरस्कारांपेक्षा हे वाक्य जास्त सांगतं.

मृण्मयी_
शोधनिबंध न सापडण्याचं कारण मला वाटतं माहेरचं नाव असेल. माझ्या आईचे लग्नाआधीचे दोन लेख माहेरच्या आडनावाने आहेत, नंतरचे सासरच्या. कोणी नुसतं गुगल करून "संशोधनाला 1980 मध्ये सुरुवात" असं ठोकून दिलं तर आठ वर्षांचं काम पुसलं जाईल. हे पाहुण्यांनाच विचारायला हवं, आणि माहेरचं नाव मंचावर घेतलेलं त्यांना चालेल का तेही विचारा. काही जणींना नाही आवडत.

जुना_धरमपेठकर
आता तुमच्या मेसेजचा गाभा हाती आला. बायोडेटा पाठवूच नका. पाठवायचाच तर शेवटी, "गरज पडल्यास" म्हणून. मॅडमना दोन ढीग करून द्या: विचारून पक्क्या केलेल्या गोष्टी, आणि अजून विचारायच्या गोष्टी. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक गोष्टीसमोर कोण विचारणार आणि कधीपर्यंत कळवणार ते लिहा. जी गुरुवारी संध्याकाळपर्यंत पक्की झाली नाही ती बोलायची नाही, इतका साधा नियम ठेवा. परिचयात एखादी गोष्ट नसली तर कोणाला कळत नाही. चुकीची असली तर पाहुण्यांना पहिल्याच मिनिटाला कळतं.

आणि पाहुण्यांना पाच जणांनी पाच फोन करू नका. एकाच माणसाने, एकदाच, सगळे प्रश्न एकत्र विचारायचे. मोठ्या माणसांना त्रास होतो तो वेगवेगळ्या लोकांनी तेच तेच विचारण्याचा.

वेणा
फोन मी करते. संचालक हा शब्द तर काढूनच टाकते.

जुना_धरमपेठकर
काढा, पण पदसुद्धा त्यांच्याच तोंडून ऐका. "तुमचं निवृत्तीच्या वेळचं पद मी कसं सांगू?" असं विचारा. पेपरातल्या बातमीत एकदा चुकलं की पुढची प्रत्येक पत्रिका तेच छापते.

फोनवर आणखी एक विचारा. त्यांच्या भाषणाची पहिली दोन-तीन मिनिटं कशावर आहेत? बहुतेक जण परिचयात विषयाची पार्श्वभूमी देतात. नाग नदी लाव्हाच्या टेकड्यांतून निघते, शहराला तिच्यावरून नाव पडलं, हे सगळं मॅडम सांगून टाकतील आणि पाहुण्यांची पहिली स्लाइड तीच असेल. मग त्या "आत्ता सांगितलं तसं" म्हणत स्लाइड पुढे सरकवतात. त्यांची सुरुवात गेली.

गोरेवाडा
सुराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी महिला महाविद्यालयात शिकवते. बाई पाहुणी असली की परिचयात हमखास "घरसंसार सांभाळून" येतं. माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मंचावर असं म्हटलं गेलं, आणि नंतर चहाच्या वेळी त्या मला म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या परिचयात हे कधी ऐकलं नाही." तेव्हापासून मी जिला परिचय सांगते तिला आधीच सांगून ठेवते की संसार, वय आणि "या वयातही" हे तिन्ही नको. पंच्याहत्तरीचा उल्लेख त्यांच्या कामाशी जोडलेला असेल तरच यावा.

निवृत्त_मुख्याध्यापक
यात अपमान काय आहे? माझ्या पत्नीच्या निवृत्ती समारंभात कोणी हे म्हटलं तेव्हा तिला डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने खरंच दोन्ही सांभाळलं. जे खरं आहे ते सांगायचं नाही का?

गोरेवाडा
सर, तुमच्या घरी ते आवडलं, मान्य आहे. म्हणून म्हणते, अंदाज करू नका, विचारा. पण विचारलं नसेल तर मी तरी ते वाक्य टाकणार नाही.

मृण्मयी_
मला दोघांचंही पटतं. माझी आई हे ऐकून खूश झाली असती आणि माझी मावशी चिडली असती.

लक्ष्मीनगर_22
नाग नदीचा विषय आहे तर मॅडमनी सप्टेंबर 2023 च्या पुरावर जरूर बोलावं. 23 तारखेच्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि आमच्याकडे तळमजल्यावर पाणी शिरलं. आमचा फ्रीज, मुलीची पुस्तकं, आईची शिलाई मशीन, सगळं चिखलात गेलं. अजून भिंतीवर रेषा आहे. पाहुण्या आहेत शास्त्रज्ञ, तर जबाबदार कोण हे परिचयातच ठणकावून सांगा म्हणावं.

गोरेवाडा
तुमच्याकडे झालं ते फार वाईट झालं. आमच्या नात्यातही एका घराचं तसंच नुकसान झालं. पण दोष कोणाचा हे परिचयात आलं तर पाहुण्या बोलायला उभ्या राहण्याआधीच एका बाजूला उभ्या केल्यासारख्या होतील. त्यांचं मत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही. प्रश्नोत्तरांत तुम्ही जरूर विचारा.

जुना_धरमपेठकर
बरोबर. आणि सभागृहात पूर अनुभवलेली मंडळी बसलेली असणार, हेही मॅडमना कळवा. म्हणजे सूर संथ राहील. पुराचा उल्लेख एका वाक्यात, तारखेसह आणि विशेषणाशिवाय. त्या दिवशी विनोद नको.

लक्ष्मीनगर_22
ठीक आहे. प्रश्नोत्तरांत मला संधी मिळाली पाहिजे मात्र.

वेणा
नक्की, या. पाच वीसला आलात तर पुढे जागा मिळेल.

काल दुपारी पाहुण्यांना फोन केला. वीस मिनिटं बोलल्या. 1972 ला रुजू, संस्थेचं जुनं नाव त्यांनी स्वतः उच्चारून सांगितलं आणि आवाजात आनंद होता. पद "शास्त्रज्ञ" एवढंच सांगा म्हणाल्या, श्रेणी वगैरे नको. सत्तरच्या दशकातले निबंध माहेरच्या नावानेच आहेत. ते नाव घ्यायला त्यांची हरकत नाही, उलट "घ्याच" म्हणाल्या. संसाराचं विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून ते वाक्य टाकत नाही. भाषणाची सुरुवात नदीच्या उगमापासूनच आहे, धरमपेठकर काकांचा अंदाज खरा ठरला. एक पुरस्कार बायोडेटात आहे, त्याचं वर्ष त्यांना आठवत नव्हतं. प्रमाणपत्र पाहून कळवते म्हणाल्या.

आज पाठवणार असलेला मेसेज असा झाला आहे:

"नमस्कार मॅडम. शुक्रवारी परिचय करून द्यायला तुम्ही हो म्हणालात, मनापासून आभार. तुमचा वेळ वाचावा म्हणून सगळं इथेच लिहिते.

कार्यक्रम साडेपाचला सुरू. स्वागत आणि प्राचार्य सरांचं प्रास्ताविक झालं की 5.38 च्या सुमारास सूत्रसंचालक तुमचं नाव घेतील. तुमच्यासाठी दोन मिनिटं आहेत, म्हणजे लिहून साधारण दोनशे शब्द. पाहुण्यांचं भाषण 5.40 ला सुरू व्हायला हवं, कारण सभागृह सातला रिकामं करायचं आहे आणि प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं ठेवली आहेत. सर नदी आणि मंडळाबद्दल बोलतील, पाहुण्यांबद्दल नाही. सत्कार भाषणानंतर आहे. आम्ही उशिरा सुरू केलं तर फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य घ्या.

पक्क्या गोष्टी, त्यांच्याशी फोनवर बोलून: 1972 मध्ये त्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेत रुजू झाल्या. हीच संस्था 1974 पासून नीरी. पीएचडी 1984, नागपूर विद्यापीठ, आजचं लांब नाव घेऊ नका. पद फक्त शास्त्रज्ञ. पेपरात संचालक आलं आहे ते चुकीचं आहे. सत्तरच्या दशकातलं संशोधन माहेरच्या नावाने आहे, ते नाव घेतलेलं त्यांना आवडेल. दोन्ही आडनावांचा उच्चार मी आवाजी मेसेजमध्ये पाठवते.

अजून पक्कं नाही: पुरस्काराचं वर्ष. मी गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवते. कळवलं नाही तर पुरस्कार राहू द्या.

नदीचा उगम आणि शहराचं नाव यावर बोलू नका, त्यांची सुरुवात तिथूनच आहे. सभागृहात 2023 च्या पुरात घर गेलेली मंडळी असतील, म्हणून सूर साधा आणि शांत ठेवूया. शेवटचं वाक्य त्यांच्या नावाने संपवा, म्हणजे त्यांना उठायची खूण मिळेल. मंचाला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्याला त्रास आहे, त्यामुळे त्या आधीपासून मंचावरच बसलेल्या असतील. माईकपर्यंत येईपर्यंत तुम्ही तिथेच थांबा.

लिहून झालं की मला एकदा पाठवाल का? फक्त नावं आणि वर्षं पाहीन, तुमच्या शब्दांना हात लावणार नाही."

शून्य_मैल
शेवटचं वाक्य फार चांगलं आहे. बहुतेक लोक "दाखवा" म्हणतात आणि मग सगळं बदलतात.

तर्रीवाला
लांब आहे, पण आता मला जरी दिला तरी मी परिचय करून देईन, असा झाला आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक
चांगला आहे. जन्मगाव मात्र हवं होतं. विदर्भातल्या श्रोत्यांना पाहुणा कुठला हे ऐकायचं असतं.

वेणा
सर, हे मी विचारलंच नाही. गुरुवारी पुरस्काराच्या वर्षासाठी त्यांचा फोन येणार आहे, तेव्हा विचारते. मेसेजमध्ये "अजून पक्कं नाही" याच्या खाली जन्मगाव लिहून ठेवते.

मृण्मयी_
तो लिखित परिचय पाहुण्यांनाही दाखवायचा का? मी दाखवते. काही जण म्हणतात त्याने परिचयातला ताजेपणा जातो.

जुना_धरमपेठकर
मी कधीच दाखवत नाही. नावं, वर्षं विचारतो, मजकूर नाही. माणूस स्वतःबद्दलचं चांगलं वाक्य वाचलं की संकोचाने ते खोडतो.

वर्धा_रोड
बाबांना दाखवला असता तर त्यांनी तीन चुका काढून एक पान वाढवलं असतं.

वेणा
मी आत्ता तरी दाखवत नाही. मॅडमना मेसेज गेला. त्यांचं उत्तर आलं: "छान, आता भीती नाही वाटत. फक्त एक सांगा, त्यांना डॉक्टर म्हणू की ताई? विद्यार्थी त्यांना ताई म्हणतात असं ऐकलं." हे मीही ऐकलं आहे. नावासोबत डॉक्टर आणि मधल्या वाक्यांत ताई, असं मी कळवते आहे, पण गुरुवारच्या फोनवर हेही विचारते.